फोनेटिक घ्या, पण आधी ‘दुसऱ्या’ टाइप करून बघा

*नवीन लॅपटॉपवर मराठी टायपिंग कसं सुरू करू? फोनेटिक बरं की इनस्क्रिप्ट? आणि जुन्या फायलीत मराठीऐवजी ejkBh असलं काहीतरी दिसतं, त्याचं काय?*

विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. सोबत येतो तो कीबोर्ड इनस्क्रिप्टच असतो, म्हणजे प्रत्येक कळीला ठरलेलं मराठी अक्षर. फोनेटिक, म्हणजे उच्चार रोमन अक्षरांत टाइप करून यादीतून मराठी शब्द निवडणं, हवं तर मराठीच्या समोरच्या तीन टिंबांमधून भाषेचे पर्याय उघडून Marathi Phonetic वेगळा जोडावा लागतो. मग विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की कीबोर्ड बदलतो.

आता कुठला घ्यायचा. मी बरीच वर्षं डीटीपी करते आणि माझा दीर दर दिवाळीला ऐकवतो, “वहिनी, फोनेटिक असताना इनस्क्रिप्ट पाठ कोण करत बसेल?” त्याच्याच ओळखीतून एका दिवाळी अंकाचं काम आलं होतं. लेखकांनी आपापल्या साधनांवर टाइप केलेलं. ‘दुसऱ्या’ शब्द छापील पानावर सगळीकडे सारखाच दिसत होता, पण शोधून बदलायला गेलं की निम्मे सापडेनात. कारण हा अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: एक ऱ हे वेगळं अक्षर अधिक हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक. तुमच्या फायलीत कुठला आहे ते बघायचं असेल तर शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेसने एकेक खूण पुसत मागे या. शेवटी टिंबवाला ऱ उरला तर पहिला प्रकार. त्यात काही ठिकाणी जोडक गळून ‘दुसर्या’ झालेलं, म्हणजे र थेट य च्या डोक्यावर! रात्री जागून ते मी हाताने निपटलं, दिराने चहा तेवढा केला.

इनस्क्रिप्टवर हा घोळच नाही. ‘दुसऱ्या’साठी o, g, m, शिफ्ट धरून j, मग d, तिरकी रेघ / आणि e. दर वेळी तेच अक्षर, यादीतून निवडणं नाही. आठवडाभर बोटं अडखळतात, मग नाही अडखळत. दिराला हे कोणीतरी सांगा.

ejkBh म्हणजे ‘मराठी’च आहे, कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं. आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, त्यामुळे मंगल फॉन्ट लावून काही होत नाही. नुसतं वाचायचं असेल तर कृतिदेव बसवा. वापरायचं असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि नंतर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा, रूपांतरक तिथेच चुकतात. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर मात्र भानगड वेगळी; फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही, ‘ॲ’चं जुन्या फॉन्टमध्ये असं होतं. फॉन्ट बदला.

आणि हो, नुसते निरोप पाठवायचे असतील तर फोनेटिक चालेल. विंडोज १० वर ते २०१९ च्या मे अपडेटपासून आहे, त्याआधीचं असेल तर आधी अपडेट करा.