पानिपत जिंकायचंच कशाला?

प्रश्न: पर्यायी इतिहासावर पहिली कादंबरी लिहितोय. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले, इथून सुरुवात केली तर पटेल का? आणि पुढची किती वर्षं दाखवावीत?

उत्तर: नाही पटणार. १४ जानेवारी १७६१ला ती गोळी चुकली, तरी सैन्य उपाशीच आहे. अडीच महिने माणसं छावणीत कोंडलेली, वैरणीवाचून जनावरं मेलेली, दिल्लीकडून रसद बंद. तुम्ही निकाल तेवढा बदलताय, कारणं जिथल्या तिथे. मग पुढची चारशे पानं नुसते झेंडे फडकत राहतात.

वळण मागे न्या. ऑक्टोबर १७६०मध्ये मराठ्यांनी अब्दालीच्या बाजूचं कुंजपुऱ्याचं ठाणं घेतलं तेव्हा अब्दाली यमुनेच्या पूर्व काठावर होता, पण नदी फुगलेली असल्यामुळे त्याला मदतीला येता आलं नाही. ती एवढ्यात उतरता येणार नाही, या भरवशावर भाऊसाहेबांचा लवाजमा कुरुक्षेत्राच्या यात्रेला निघाला. अब्दालीने महिनाअखेरीस बागपतजवळ उतार शोधला, काही माणसं बुडाली तरी सैन्य पार केलं आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. पानिपताची उपासमार तिथे सुरू होते.

माझी कादंबरी त्याच उतारावर उघडत होती. एक शिलेदार, त्याची घोडी लंगडतेय म्हणून तो यात्रेला न जाता चौकीवर थांबतो. रात्री पलीकडे मशाली हलताना दिसतात, तो वर्दी पाठवतो. सकाळी काठावर तोफा येतात आणि अब्दाली पलीकडेच राहतो. मोठी लढाई होतच नाही.

संपादकांनी हस्तलिखित परत करताना विचारलं, ‘अहो, घोडीच्या खुराने कुठे इतिहास बदलतो का? आणि विजय कुठंय?’ खूर हे निमित्त, बदल चौकीचा, हे मी त्यांना तासभर समजावलं. चौकी बसवणं भाऊसाहेबांच्या हातात होतं, त्यासाठी त्यांचा स्वभाव बदलावा लागत नाही की आकाशातून मदत आणावी लागत नाही. आणि अब्दालीला नुसतं अडवणं पुरलं असतं, याचा पुरावा खऱ्या इतिहासातच आहे. जिंकूनही तो मार्च १७६१मध्ये दिल्लीहून परत फिरला, कारण थकलेल्या पगारासाठी त्याचेच सैनिक बिथरले होते. जिंकलेलं सैन्य थांबेना, ते नदीपलीकडे ताटकळलेलं किती दिवस थांबलं असतं? शिवाय नानासाहेब स्वतः फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होतेच.

पण खरा वाद पुढच्या भागावरून झाला. भाऊसाहेब जिवंत परततात, विजय नाही, डोक्यावर कर्ज. नानासाहेबांना मी आणखी थोडी वर्षं दिली, पण त्यांच्यामागे पेशवाईची वस्त्रं विश्वासरावांना मिळतात. म्हणजे माधवराव पेशवे होतच नाहीत. सोळाव्या वर्षी ज्याने ती वस्त्रं घेतली, १७६३ला राक्षसभुवनावर निजामाला हरवलं, १७६८ला धोडपला चुलत्याला आवरलं, तो मुलगा माझ्या कादंबरीत पेशव्यांचा धाकटा भाऊ. दरबारात मागच्या रांगेत बसतो, हिशेबात चूक दिसली तर बोलून दाखवतो, आणि कुणी लक्ष देत नाही. रघुनाथराव मात्र आहेतच, आणि आता त्यांच्यासमोर भाऊसाहेब आहेत.

संपादक म्हणाले, ‘थोरल्या माधवरावांना मागे बसवलंत तर वाचक पुस्तक फेकून देतील.’ मी म्हटलं, फेकू देत. पानिपत टळलं याची किंमत वाचकाच्या खिशातून गेलीच पाहिजे. उतारावरची चौकी पटली नाही, तर ही किंमत लेखकाचा विक्षिप्तपणा वाटते. चौकी पटली की तोच वाचक मागच्या रांगेतल्या त्या मुलाकडे पाहतो आणि अस्वस्थ होतो, कारण आपण काय गमावलं हे पुस्तकात फक्त त्यालाच माहीत असतं. तुमच्या विजयात असं काय हरवतंय, ते मला सांगा.

वर्षांचं म्हणाल तर त्या पहिल्या बदलाचे धागे हातात राहतात तोवर लिहा. मी १७७५ला थांबलो. त्यापुढे इंग्रज काय करतील हा माझा निव्वळ अंदाज झाला असता.

आणि हो, निव्वळ साहसकथा लिहायची असेल तर गोळी खुशाल चुकवा, लोक वाचतीलही. वळण पहिल्याच प्रकरणात दाखवलं पाहिजे असंही नाही. पण तुमचे संपादक ‘विजय कुठंय’ म्हणाले, तर त्यांना एवढंच विचारा की अब्दाली जिंकून दोन महिन्यांत परत का गेला. माझ्यावाल्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.