भाऊबीजेची ओवाळणी म्हणून बकरी, पण पाठीसकट

प्रश्न: "माझी बहीण यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर दिली आहे. दोन एकर कोरडवाहू, बाकी दिवस मजुरी. दरवर्षी भाऊबीजेला पाकीट आणि चॉकलेटचा डबा देतो. यंदा 10-12 हजारांत तिच्या खरंच कामी येईल असं काय देऊ?"

दादा, बकरी द्या. तीही एकटी नको, तीन-एक महिन्यांची पाठ, म्हणजे तिचं मादी पिलू, सोबत असलेली द्या. मी आमच्या गावात पशुसखी आहे. लसीकरणाला हातभार लावणं, जंताच्या औषधाची आठवण करून देणं, विणाऱ्या बकरीवर लक्ष ठेवणं हेच माझं काम. दिवाळीत घरी आलेली नवी बकरी कुठे टिकते आणि कुठे महिनाभरात मरते, हे मी दरवर्षी पाहते.

कोरडवाहू घरात कापूस-सोयाबीनचा पैसा आला की आधी कृषी केंद्राची उधारी फिटते, मग सोसायटीचं कर्ज. बाईच्या हातात त्यातलं फारसं उरत नाही. बकरीचं मात्र बहुतेक घरांत बाईच पाहते, आणि ती ओवाळणीत माहेरून आलेली असली तर तिच्या पिलांवरही बाईचाच शब्द चालतो. म्हणून मला ही भेट इतर वस्तूंपेक्षा वरची वाटते.

पण आधी बहिणीला विचारा. अचानक दारात बकरी नेऊन बांधू नका. दिवाळीत कापूस वेचणीचे दिवस असतात, ती सकाळी जाते आणि संध्याकाळी येते. मग दिवसभर बकरीकडे कोण पाहील? सासूबाई घरी असतात का? गावात बकऱ्या चारायला नेणारा कुणी आहे का, आणि तो महिन्याचे किती घेतो? रात्री बांधायला कोरडी, कुत्र्यांपासून बंद अशी जागा आहे का? गाव टिपेश्वरसारख्या वाघाच्या जंगलाला लागून असेल, तर चराई धोक्याची आहे. घरीच चारा आणून घालावा लागेल, आणि ते काम बहिणीच्याच डोक्यावर पडेल. ती "नाही जमत रे" म्हणाली, तर तिथेच थांबा. ओझं होणारी भेट देऊन उपयोग नाही.

आता पाठ का, ते सांगते. बकरी कळपात राहणारं जनावर आहे. एकटी नव्या घरी नेली की ओरडत राहते, खाणं सोडते, आणि खाणं सोडलेल्या बकरीला कुठलाही आजार लवकर गाठतो. सोबत तिचं पिलू असलं की ती लवकर रुळते. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. बाजारात "तीन महिन्यांची गाभण आहे" असं सांगून बकरी विकतात. पोट चाऱ्यानंही भरलेलं दिसतं, आणि सुरुवातीच्या महिन्यांत नुसत्या हातानं गाभण कळत नाही. पिलासकट बकरी घेतली की ती गाभण राहते, विते, पिलाला पाजते, हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर असतं. शिवाय पाठ पुढच्या वर्षी स्वतः व्यायला येईल. बोकडाचं पिलू सोबत घेतलं, तर ते विकून संपून जाईल.

शक्यतो बाजारातून घेऊ नका. चांगली विणारी, दूध देणारी बकरी सहसा कुणी बाजारात आणत नाही. येतात त्यांत म्हाताऱ्या, गाभ टाकणाऱ्या किंवा उलटणाऱ्या, म्हणजे बोकड दाखवूनही गाभण न राहणाऱ्या, बकऱ्या बऱ्याच असतात. ओळखीच्या घरून घ्या, आणि संध्याकाळी बकऱ्या चरून परत येतात त्या वेळी जा. त्या वेळी पाठ धावत येऊन लुचते का आणि बकरी तिला हुंगून पाजते का, ते पाहा. दुसऱ्याच बकरीचं पिलू लावून दाखवलं असेल, तर बकरी त्याला जवळ येऊ देत नाही, लाथ मारते.

मग तोंड उघडून दात पाहा. बकरीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. दुधाचे दात बारीक, पक्के दात रुंद. दोन पक्के म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्षाची, चार म्हणजे दोनच्या आसपास, सहा म्हणजे तीनच्या आसपास. तुम्ही चार किंवा सहा दाती घ्या. आठ दाती आणि दात झिजलेली असेल, तर मालक कितीही तरुण म्हणो, सोडून द्या. खालची पापणी अंगठ्यानं हलकेच खाली ओढा. आतली त्वचा गुलाबी-लालसर हवी. पांढुरकी असेल तर पोटात जंत झालेत आणि रक्त कमी आहे. शेपटीखाली पातळ शेण चिकटलेलं नको, लेंड्या कोरड्या हव्यात. कासेला हात लावून गाठ किंवा एका बाजूला कडकपणा नाही ना ते बघा, दोन्ही सडांतून दोन-चार धारा काढून बघा. धार पाण्यासारखी किंवा दह्यासारखी फुटलेली आली, तर कासेचा आजार आहे, आणि पुढच्या पिलांना दूध पुरणार नाही. आपल्या भागात बेरारी जातीची तांबूस बकरी मिळते, ती इथल्याच हवेतली आहे. बाहेरची मोठी, लांब कानांची जात पाहून भुलू नका. तिला खाणंही तेवढंच लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये ते बहिणीला पुरवता येणार नाही.

सौदा भाऊबीजेच्या तीन आठवडे आधी करा, पण बकरी तिथेच राहू द्या. या काळात दोघींना पीपीआरची लस टोचून घ्या. नाकातोंडातून पाणी, ताप, हगवण असा हा आजार आहे आणि वस्तीतल्या वस्तीत झपाट्यानं पसरतो. लसीचा जोर अंगात यायला दोनेक आठवडे लागतात. बकरी आज नेली आणि उद्या बहिणीच्या गावात लस दिली, तर प्रवासाचा ताण आणि आजाराशी गाठ एकाच वेळी पडते. पाठ तीन महिन्यांची घ्या म्हणते तेही यासाठीच, त्या वयात तिलाही लस देता येते. जंताचं औषधही तेव्हाच द्या, पण पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारूनच. बकरी पुन्हा गाभण राहिली असेल, तर काही औषधं चालत नाहीत.

नेताना सकाळच्या थंड वेळी न्या. जुन्या मालकाकडून ती खात होती तेच कुटार पोतंभर सोबत घ्या. पहिले आठ-दहा दिवस तेच जास्त आणि बहिणीकडचा चारा थोडा, मग हळूहळू उलट. सासरी आधीच बकऱ्या असतील तर नवीन जोडी दोन-तीन आठवडे वेगळी बांधा.

आता सगळ्यात जास्त जनावरं जिथे दगावतात ते सांगते. भाऊबीजेला अंगणात सोयाबीनचा ढीग पडलेला असतो, घरात करंज्या-अनारसे असतात. बहीण तुम्हाला ओवाळते, मग बकरीला कुंकू लावते, आणि कुणीतरी प्रेमानं तिच्यापुढे पुरणपोळी किंवा ताटभर भात ठेवतं. नाहीतर रात्री दावं सुटतं आणि ती सोयाबीन नाहीतर गव्हात तोंड घालते. दाण्याची सवय नसलेल्या पोटात हे एकदम गेलं की आंबतं. डावी कूस फुगते, बकरी दात खाते, रवंथ बंद होतो, मग पातळ हगते आणि बसून राहते. हे दिसलं की दाणा बंद करून लगेच डॉक्टरांना बोलवा. सकाळपर्यंत वाट पाहू नका. ओवाळणीच्या दिवशी तिला बोरीची किंवा बाभळीची डहाळी घाला, ती खुशीनं खाते.

दारव्हा तालुक्यातल्या एका भावानं असंच केलं होतं. चार दाती बकरी आणि पाठ मिळून 11,500 रुपये पडले, वर बांधायच्या जागेला आडोसा म्हणून बांबूचे दोन तट्टे दिले. तबकात त्यानं फक्त दावं आणि एक रुपया ठेवला. ओवाळून झाल्यावर तो सगळ्यांसमोर जावयाला म्हणाला, "भाऊजी, हे बकरी अन् तिची पिलं बाईची. विकायचं-ठेवायचं बाईच ठरवीन." जावई हसून हो म्हणाले. पुढे एप्रिलात चारा संपला तेव्हा घरात बकरी विकायची गोष्ट निघाली, तेव्हा तोच शब्द बहिणीच्या कामी आला. तिनं हरभऱ्याचं आणि तुरीचं कुटार आधीच पोत्यांत भरून ठेवलं होतं, त्यावर आणि बाभळीच्या शेंगांवर उन्हाळा निघाला. बकरी पावसाळ्याच्या तोंडावर विली, दोन पिलं झाली, एक बोकड आणि एक पाठ. बोकड पुढच्या वर्षी विकला, पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात गेले.

तिची बकरी पावसाळ्याच्या तोंडावर विली हा योगायोग नव्हता, आम्ही ते ठरवून केलं होतं. बकरी पाच महिने गाभण असते. दिवाळीत लगेच बोकड दाखवला तर ती चैत्रात विते, हिरवं काही नसतं, दूध आटतं, पिलं खंगतात. पुसात दाखवली तर जेठात विते आणि पिलं पंधरा-वीस दिवसांची होतात तोवर बांधावर कोवळं गवत यायला लागतं. माज साधारण 21 दिवसांनी येतो. शेपटी सारखी हलवते, ओरडते, खाणं कमी करते, यावरून कळतं. एक-दोन माज सोडले तरी काही बिघडत नाही. फक्त तोवर चराईच्या कळपात मोकळा बोकड नाही ना ते विचारा, आणि पुढे तिच्याच पोटचा बोकड तिला लावू नका.

बहिणीला बकरी हवी आहे पण सांभाळणं जमत नसेल, तर गावातल्याच एखाद्या बाईकडे निम्म्या वाट्यानं ठेवता येते. पिलं दोघींत वाटायची, बकरी बहिणीची. पहिलं पिलू कुणाचं आणि बकरी मेली तर काय, हे आधीच बोलून घ्या. भांडणं तिथूनच सुरू होतात.

आणि एक काम तुम्हीच करा. लसीच्या वेळी दवाखान्यात कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला मारून घ्या आणि नोंद बहिणीच्या नावानं करायला सांगा. बिल्ला आधीच असेल तर जुन्या मालकाचं नाव बदलून घ्या. पुढे विमा काढायचा झाला किंवा नुकसानीचा दावा करायचा झाला, तर त्याच नंबरावर मालक कोण ते पाहतात. बहुतेक ठिकाणी घरातल्या पुरुषाचं नाव सवयीनं लिहिलं जातं. तेव्हा जाताना तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि तिचाच मोबाइल नंबर सोबत न्या.