चलनातले शून्य काढले तर बँकेतली सेव्हिंग बुडते का?

नाही बुडत, कारण भाव, पगार, कर्ज, खातं सगळंच एकाच आकड्याने भागलं जातं. तुर्कस्तानने १ जानेवारी २००५ ला सहा शून्य उडवले, १० लाख जुने लिरा म्हणजे १ नवा. समजा खात्यात ५ कोटी होते आणि भाडं ५० लाख, तर ते झाले ५० आणि ५, म्हणजे आधी दहा महिने निघायचे ते नंतरही दहाच. करार नव्याने करायची गरज नव्हती, कायद्यानेच जुने आकडे नव्यात धरले, फक्त व्याजाचा टक्का भागायचा नसतो, तो तसाच राहतो (इथेच लोक गोंधळतात). धोका घरातल्या कॅशला, जुन्या नोटा वर्षभर चालल्या, मग दहा वर्षं सेंट्रल बँकेत बदलून मिळायच्या, त्यानंतर रद्दी.