तीन सारख्या अक्षरांसाठी ३ ने नव्हे, ३! ने का भागायचे

प्रश्न: शब्दात एकच अक्षर तीनदा आले तर एकूण मांडण्यांना ३! ने भागा असे सांगतात. नुसते ३ ने का नाही? आणि जास्तीच्या मांडण्या काढायच्याच असतील तर वजाबाकी का करत नाहीत?

उत्तर: आपण ‘टपटपटप’ हा शब्द घेऊ. त्यात ट तीनदा आणि प तीनदा आहे, म्हणजे एकूण सहा अक्षरे. तुमच्या दोन्ही शंकांचे मूळ याच एका शब्दात दाखवता येते.

सहा चिठ्ठ्या घ्या आणि तीन चिठ्ठ्यांवर ट, तीन चिठ्ठ्यांवर प लिहा. आता प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक लहानसा क्रमांक घाला, म्हणजे ट१, ट२, ट३ आणि प१, प२, प३ अशा सहाही चिठ्ठ्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतील. वेगवेगळ्या सहा वस्तू एका रांगेत ६! = ७२० प्रकारे मांडता येतात, आणि इथपर्यंत कोणाचेही दुमत नसते. प्रश्न उभा राहतो तो पेन्सिलीचे क्रमांक खोडल्यावर, कारण तेव्हा ७२० रांगांपैकी पुष्कळ रांगा तंतोतंत सारख्या दिसू लागतात. त्यातली एकेक दिसणारी रांग नेमकी किती वेळा मोजली गेली, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

‘पटटपपट’ ही एक रांग पाहा. तिच्यात ट दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या जागी आहे. क्रमांक असताना या तीन जागांवर ट च्या चिठ्ठ्या १२३, १३२, २१३, २३१, ३१२ किंवा ३२१ अशा क्रमाने बसलेल्या असू शकतात. हे सहा प्रकार झाले, तीन नव्हेत. ३ ने भागावेसे वाटते, कारण ‘अक्षर तीनदा आले, म्हणून मांडणी तीनदा मोजली गेली’ असा आपला समज होतो. पण मोजणी अक्षरे किती आहेत यावर ठरत नाही, ती अक्षरे आपसांत किती प्रकारे जागा बदलू शकतात यावर ठरते. पहिल्या जागेसाठी तीन चिठ्ठ्या उपलब्ध असतात, दुसरीसाठी दोन उरतात आणि तिसरीसाठी एक, म्हणून ३ × २ × १. माझ्या मते हा गैरसमज टिकून राहण्याचे खरे कारण असे की पुस्तकांतली सुरुवातीची उदाहरणे बहुधा दोनदा येणाऱ्या अक्षरांची असतात, आणि २! ची किंमत २ च असल्यामुळे चुकीच्या विचारानेही उत्तर बरोबर येते. अक्षर तीनदा आले की मगच चूक उघडी पडते.

ट च्या या सहा बसण्यांपैकी कोणतीही एक कायम ठेवली, तरी प च्या तीन चिठ्ठ्या आपल्या जागांवर स्वतंत्रपणे सहा प्रकारे बसू शकतात. ट च्या प्रत्येक प्रकाराबरोबर प चे सहाही प्रकार येत असल्याने येथे बेरीज नव्हे, गुणाकार होतो, आणि ‘पटटपपट’ ही रांग ७२० मध्ये ६ × ६ = ३६ वेळा आलेली असते. हाच युक्तिवाद दुसऱ्या कोणत्याही रांगेला लागू पडतो, कारण ट आणि प कोणत्याही जागी असले तरी त्यांच्या तीन-तीन जागा असतातच. म्हणजेच ७२० रांगांचे गठ्ठे बांधले, तर प्रत्येक गठ्ठ्यात नेमक्या ३६ रांगा येतात, आणि गठ्ठे होतात ७२० ÷ ३६ = २०.

वजाबाकीच्या शंकेचे उत्तरही या गठ्ठ्यांतच आहे. प्रत्येक गठ्ठ्यातली एक रांग ठेवून ३५ काढून टाकल्या, तर २० गठ्ठ्यांतून ७०० रांगा जातात आणि २० उरतात, म्हणून वजाबाकी चूक नाही. पण ७०० हा आकडा काढण्यासाठी गठ्ठे २० आहेत हे आधीच ठाऊक असावे लागते, आणि तेच तर आपण शोधत असतो. आपल्याला माहीत असते ती एकूण संख्या आणि एका गठ्ठ्याचा आकार, आणि या दोहोंवरून गठ्ठ्यांची संख्या काढायची म्हणजे भागाकार करणे.

२० हे उत्तर भागाकाराशिवायही पडताळता येते. पहिला ट पहिल्या जागी असेल तर उरलेले दोन ट पुढच्या पाच जागांत १० प्रकारे बसतात, पहिला ट दुसऱ्या जागी असेल तर ६ प्रकारे, तिसऱ्या जागी असेल तर ३ प्रकारे आणि चौथ्या जागी असेल तर एकाच प्रकारे. बेरीज २० येते. ३ × ३ ने भागले असते तर ८० आले असते आणि ६ + ६ ने भागले असते तर ६०. दोन्ही पूर्णांकच आहेत, म्हणून केवळ उत्तर पूर्णांकात आले यावर विसंबून राहू नये.

हा विचार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) ४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून किती संख्या होतात असे उदाहरण आहे, आणि त्याचे उत्तर १२० ÷ ६ = २० असेच आहे. तेथे पडताळा आणखी सोपा आहे: ४ साठी पाच जागा, मग ८ साठी चार, आणि उरलेल्या तिन्ही जागी ५ बसवण्यात निवडीला वावच नाही.

मराठी शब्द घेताना मात्र ‘सारखे अक्षर’ कशाला म्हणायचे ते आधी ठरवावे. मात्रा, वेलांटीसह अक्षर एक मानले तर ‘चाचणी’ मधील चा आणि च वेगळे ठरतात, तेथे काहीच भागायचे नसते आणि मांडण्या ६ होतात.

ही रीत कोठे चालत नाही तेही सांगतो, कारण परीक्षेत गुण बहुतेक येथेच जातात. समजा ‘टपटपटप’ मधील चारच अक्षरे घेऊन रांगा करायच्या आहेत. क्रमांकित चिठ्ठ्यांच्या ६ × ५ × ४ × ३ = ३६० रांगा होतात, आणि सवयीने ३६ ने भागले की १० येतात. हे उत्तर चुकीचे आहे. ‘टटपप’ सारख्या रांगेत तीनपैकी दोन ट क्रमाने बसवण्याचे ६ प्रकार आणि प चेही ६, म्हणून तिच्या गठ्ठ्यात ३६ रांगा असतात, पण ‘टटटप’ च्या गठ्ठ्यात ट चे ६ आणि प चे ३ असे १८ च प्रकार असतात. गठ्ठे लहानमोठे झाले की एकाच संख्येने भागण्याला आधार राहत नाही. तेव्हा प्रकार वेगळे करून मोजावे: दोन ट आणि दोन प असलेल्या रांगा ६, तीन ट आणि एक प असलेल्या ४, एक ट आणि तीन प असलेल्या ४, एकूण १४. गठ्ठ्यांच्या आकारांवरूनही हे जुळते, कारण ६ × ३६ आणि ८ × १८ यांची बेरीज ३६० च होते.