वीस सेकंदांच्या जाहिरातीखाली काय लिहायचं?

प्रश्न: मी जुन्या लाकडी फर्निचरला पॉलिश करून देते. एका टेबलाचा ‘आधी आणि नंतर’ असा वीस सेकंदांचा रील टाकला. लोक ‘मस्त’, ‘वा’ लिहून जातात, काम कोणीच विचारत नाही. कॅप्शन होतं, ‘जुन्याला नवी झळाळी! आजच संपर्क करा.’ यात काय कमी आहे?

झळाळी तर व्हिडिओत दिसलीच. तेच खाली शब्दांत आलं की वाचणाऱ्याला नवं काही मिळत नाही, मग तो अंगठा वर सरकवतो. व्हिडिओत मावलं नाही ते कॅप्शनमध्ये यायला हवं. तुमचं टेबल बघताना त्याच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या घरातलं टेबल येतं आणि लगेच शंका येते, ‘आपलं होईल का असं?’ त्या शंकेपासून सुरुवात करा.

इन्स्टाग्राम कॅप्शनला 2,200 अक्षरं देतं, पण रील बघताना जेमतेम पहिली ओळ दिसते. बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही. म्हणून पहिल्या सात-आठ शब्दांवर सगळी मदार. मी असं लिहीन:

‘टेबलावर पांढरे डाग पडलेत? लाकूड बहुधा शाबूत आहे. पांढरा डाग सहसा वरच्या पॉलिशच्या थरातच असतो. काळा डाग लाकडात उतरलेला असतो, तो पूर्ण जाईलच असं नाही. तुमच्या टेबलाचा दिवसाउजेडी काढलेला एक फोटो मेसेजमध्ये पाठवा. काय होऊ शकेल ते सांगते.’

काळ्या डागाचं वाक्य वाचून काही जण गळतील, गळू द्या. जे उरतील ते तुमच्यावर विश्वास ठेवून येतील आणि नंतरची हुज्जतही वाचेल. दुसरं, ‘संपर्क करा’ म्हटल्यावर माणसाला नेमकं काय लिहायचं ते कळत नाही. ‘एक फोटो पाठवा’ हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे, ते होतं. मात्र त्याच कॅप्शनमध्ये लाइक करा, शेअर करा, फॉलो करा अशी रांग लावू नका. मागायचं एकच, नाहीतर माणूस त्यातलं सगळ्यात सोपं करून निघून जातो.

प्रश्न: मी ऑनलाइन गिटार शिकवतो. पिन केलेल्या कमेंटमध्ये सध्या माझा मोबाइल नंबर आहे. लोक तरी ‘फी किती?’ विचारत राहतात. मी ‘इनबॉक्स बघा’ म्हणून उत्तर देतो, पुढे काही होत नाही.

कमेंट उघडणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्यांनी काय विचारलंय ते चाचपत असतो. तो कॅप्शन वाचणाऱ्यापेक्षा एक पायरी पुढे आलेला आहे. त्याला नंबर नको, उत्तर हवं. तेव्हा आतापर्यंतच्या कमेंट आणि मेसेज चाळा, सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न काढा आणि त्याचं उत्तर पिन करा. उदाहरणार्थ:

‘गिटार कधीच हातात धरली नाही, जमेल का? हो, पहिला महिना अशांसाठीच आहे. गिटार अजून घेतली नसेल तर थांबा, आधी हाताच्या मापाबद्दल बोलू. फी आठवड्याला एक तास की दोन, यावर ठरते. दोन्हीचे आकडे हवे असतील तर मेसेजमध्ये “फी” एवढंच लिहा.’

तुमची फी ठरलेली असेल तर आकडा सरळ कमेंटमध्येच लिहा. लपवल्याने चौकशा वाढल्यासारख्या वाटतात, पण आकडा कळताच गप्प होणारेच त्यात जास्त असतात.

‘इनबॉक्स बघा’ का फसतं? जो तुम्हाला फॉलो करतो त्याच्या बाबतीत अडचण येत नाही. ज्याने तुम्हाला कधी फॉलोच केलं नाही, त्याला तुम्ही आपणहून पाठवलेला मेसेज ‘रिक्वेस्ट’च्या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो. तो कप्पा फार कमी लोक उघडतात. त्याने तुम्हाला आधी मेसेज केला की ही अडचण राहत नाही. म्हणून पहिला शब्द त्याच्याकडूनच येऊ द्या.

एखाद्या वाचकाचा प्रश्न पिन करून त्याखाली उत्तर द्यावं, असाही मोह होतो. पण उत्तरं घडी घातलेली असतात, दाबल्याशिवाय दिसत नाहीत. वर टांगलेला दिसतो तो नुसता प्रश्न. महत्त्वाचं उत्तर स्वतःच्या कमेंटमध्ये लिहून तीच पिन करणं बरं. इन्स्टाग्रामवर तीन कमेंट पिन करता येतात, यूट्यूबवर एक. तीनची मुभा आहे म्हणून तिन्ही भरायची गरज नाही. नंबर प्रोफाइलवरच्या संपर्काच्या बटणात ठेवा. उघड्या कमेंटमधले नंबर फसवणूक करणारेही टिपून घेतात. आणि तुकडी भरली की त्याच दिवशी ती कमेंट बदला. ‘प्रवेश सुरू’ वाचून आलेल्याला ‘जागा संपल्या’ ऐकवलं की तो परत येत नाही.

प्रश्न: हॅशटॅग किती टाकावेत? माझे एकवीस असतात, त्यात #viral आणि #trending आलेच.

ते दोन आज काढून टाका. ‘व्हायरल’ शोधणारा गिऱ्हाईक कोणाचं? इन्स्टाग्रामने स्वतःच तीन ते पाच हॅशटॅगचा सल्ला दिलेला आहे. यूट्यूबचा नियम तर असा की साठपेक्षा जास्त झाले तर त्या व्हिडिओवरचे सगळेच हॅशटॅग बाद धरले जातात. हॅशटॅगने गर्दी येत नाही, व्हिडिओचा विषय काय ते कळतं, इतकीच अपेक्षा ठेवा.

निवडताना प्रत्येक हॅशटॅग स्वतः दाबून पाहा. वरचे दहा व्हिडिओ बघा आणि विचारा, माझं गिऱ्हाईक इथे फिरत असेल का? पॉलिशवाल्या ताईंनी #polish टाकला तर त्या नखांच्या रंगांमध्ये आणि पोलंडच्या लोकांमध्ये जाऊन बसतील. #furniturerestoration वर लाकूडकाम असेल, पण बघणारे बहुतांश त्याच धंद्यातले. #फर्निचरपॉलिश किंवा #जुनेफर्निचर लहान आहे, तरी गरजू माणूस तिथेच सापडेल. मध्ये जागा किंवा हायफन टाकू नका, हॅशटॅग तिथेच तुटतो.

प्रश्न: शॉर्ट्सच्या कमेंटमध्ये फॉर्मची लिंक पिन केली, एकही फॉर्म आला नाही.

शॉर्ट्सच्या कमेंटमधल्या आणि वर्णनातल्या लिंक 31 ऑगस्ट 2023 पासून दाबता येत नाहीत. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्येही लिंक नुसती अक्षरं म्हणून पडून राहते. लिंक प्रोफाइलवर ठेवा आणि कमेंटमध्ये ती कुठे आहे, फॉर्ममध्ये काय विचारलंय, हे एका वाक्यात सांगा.

प्रश्न: चौकशा येतात, पण नुसतं ‘हाय’ किंवा ‘डिटेल्स’. उत्तर दिलं की समोरचा गायब.

‘डिटेल्स’ लिहिणाऱ्याला काय विचारायचं तेच तुमच्या मजकुरातून कळलेलं नाही. कॅप्शनच्या शेवटी पाठवायच्या मेसेजचा नमुनाच द्या: ‘टेबल, चार फूट, वर डाग’ असा. तरी ‘हाय’ आलंच तर लांबलचक माहितीपत्रक पाठवू नका, एकच प्रश्न विचारा, ‘कोणती वस्तू आहे?’ आठवडाभर आलेले मेसेज वाचून काढा. सगळे ‘कुठे?’ विचारत असतील तर ठिकाण कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळींत हवं. ‘किती दिवस?’ विचारत असतील तर ते पिन केलेल्या कमेंटमध्ये टाका. आणि पैसे घालून व्हिडिओ बूस्ट करायचा असेल तर ही दुरुस्ती आधी करून घ्या.