अॅब्सॉर्प्शन आणि व्हेरिएबल कॉस्टिंगमध्ये नफा वेगळा का येतो?

प्रश्न: विक्री तीच, खर्च तोच, मग दोन पद्धतींनी प्रॉफिट वेगळं कसं येतं? स्टॉकचा काय संबंध?

सगळा संबंध स्टॉकचाच आहे. समजा खुर्च्यांचा कारखाना आहे, एका खुर्चीचं मटेरियल-मजुरी 200 रुपये, विक्री 400 ला आणि शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार वगैरे फिक्स्ड खर्च महिन्याला 1 लाख. खुर्च्या बनवल्या 1000, विकल्या 800.

व्हेरिएबलमध्ये तो 1 लाख सगळाच्या सगळा याच महिन्यात उडवायचा, म्हणजे खुर्चीमागे 400 वजा 200 असे 200 सुटतात, 800 × 200 = 1,60,000 वजा 1 लाख, नफा 60,000.

अॅब्सॉर्प्शनमध्ये तोच लाख 1000 खुर्च्यांवर वाटतात, खुर्ची 300 ला पडते, नफा 800 × 100 = 80,000. वरचे 20,000 आले कुठून? गोडाऊनमध्ये पडलेल्या 200 खुर्च्यांना प्रत्येकी 100 रुपये भाडं-पगार चिकटून बसलाय, तो खर्च पी अँड एलला न येता बॅलन्स शीटमध्ये स्टॉक म्हणून दिसतोय, बाकी काही जादू नाही.

पुढच्या महिन्यात 1000 बनवून 1200 विकल्या की उलटं होतं, अॅब्सॉर्प्शनला 1,20,000 आणि व्हेरिएबलला 1,40,000, कारण जुने 20,000 आता बाहेर पडले. दोन महिन्यांची बेरीज दोन्हीकडे 2 लाखच.

म्हणून नफा अचानक फुगला की आधी क्लोजिंग स्टॉक बघा, कारण काही मॅनेजर बोनससाठी उगाच माल बनवून ठेवतात. बाहेरच्या अकाउंट्सला मात्र AS 2 या अकाउंटिंग स्टँडर्डप्रमाणे अॅब्सॉर्प्शनच लागतं, व्हेरिएबल घरच्या निर्णयांपुरतं.