शिकवणाऱ्या मालकांना राजीनामा लिहिताना

प्रश्न : डिप्लोमानंतर सहा वर्षे मी भोसरीतील एका लहान कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. ड्रॉइंग वाचण्यापासून सारे मालकांनीच शिकवले. आता चाकणच्या मोठ्या कंपनीत निवड झाली आहे. राजीनाम्यात त्यांचे मनापासून आभार मानायचे आहेत. मसुदा सोबत पाठवत आहे.

उत्तर : आपल्या मसुद्यातील भावना खरी आहे, परंतु ती नेमक्या चुकीच्या जागी आली आहे. पहिला परिच्छेद पूर्ण आभाराचा असून त्यानंतर ‘शक्य झाल्यास ३० जूनला मोकळे करावे’ असे आपण लिहिले आहे. ही विनंती झाली, राजीनामा नव्हे. अशा वाक्यामुळे तारीख पुढे ढकलली जाते आणि नव्या ठिकाणी दिलेला शब्द मोडतो. आपल्या नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस आहे, म्हणून सुरुवातीलाच असे लिहावे : ‘मी गुणवत्ता निरीक्षक या पदाचा राजीनामा देत आहे. एक महिन्याच्या नोटीस कालावधीनुसार ३० जून हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल.’ हे पत्र ३१ मेपर्यंत मालकांच्या हाती पडायला हवे आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यायला हवी.

आभार दुसऱ्या परिच्छेदात मानावेत. ‘खूप काही शिकायला मिळाले’ हे वाक्य कोणीही कोणालाही लिहू शकतो, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यात स्वतःचे कष्ट दिसत नाहीत. ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचा जो प्रसंग आपण मसुद्याच्या अखेरीस एका ओळीत उरकला आहे, तोच मला पत्राचा गाभा वाटतो. तो असा लिहिता येईल : ‘परत आलेल्या मालाची तपासणी करताना आपण मला शेजारी बसवले आणि दोष मायक्रोमीटरच्या वाचनात नसून जॉब फिक्स्चरमध्ये बसवण्याच्या पद्धतीत आहे, हे पुन्हा जॉब बांधून दाखवले. आकडा चुकला की आधी मांडणी तपासण्याची सवय मला त्या दिवसापासून लागली.’ असा एकच प्रसंग पुरेसा आहे. चार प्रसंग घातले तर पत्राचे निरोपाचे भाषण होईल.

सोडून जात असल्याबद्दल क्षमा मागू नये. नव्या कंपनीचे नाव आणि पगारही लिहू नये, कारण कृतज्ञतेच्या शेजारी ते तुलनेसारखे वाचले जाते. त्याऐवजी नोटीस काळात तपासणीच्या नोंदी कोणाला समजावून देणार, हे एका वाक्यात सांगावे.

‘माझे काहीही येणे बाकी नाही’ हे मसुद्यातील वाक्य मात्र अवश्य काढावे. आपण ते मालकांना बरे वाटावे म्हणून लिहिले असणार, पण हे पत्र दप्तरी राहते आणि पुढे हिशेबाच्या वेळी आपल्याच विरुद्ध दाखवले जाऊ शकते. आपली सलग पाच वर्षांहून अधिक नोकरी झाली आहे. कारखान्याला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्यास प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम आपल्याला मिळायला हवी, आणि ती मागितल्याने आभार खोटे ठरत नाहीत. ही मागणी, तसेच अनुभवपत्र व कार्यमुक्तीपत्र यांसाठी वेगळा अर्ज द्यावा.